बिलाचं नाव बिलातूनच

मिक्सर दुरुस्तीला दिला होता, त्याचं बिल मी स्कॅन करून ठेवलंय एवढं पक्कं आठवत होतं. पण फोल्डर उघडलं तर Scan_0041.pdf, Scan_0042.pdf अशी लांबलचक रांग. तेव्हापासून बिलावरची तारीख आणि रक्कमच फाइलचं नाव होते: 2024-03-04_767.00.pdf. वर्ष आधी लिहिलं की नावांची यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते.

बिल वाचायला टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्राम पुरतो. त्याला पीडीएफ थेट वाचता येत नाही, म्हणून आधी त्याचं ३०० डीपीआयचं चित्र करून घ्यायचं.

```
tesseract bill.png bill -l eng --psm 6
```

यातला 6 महत्त्वाचा. पावतीवर ‘ग्रँड टोटल’ डाव्या कडेला आणि आकडा पार उजव्या कडेला असतो. 6 दिला नाही तर प्रोग्राम कधीकधी ते दोन वेगळे रकाने समजतो. मग शब्द एकीकडे, आकडे भलतीकडे. 6 दिला की तो ओळ सरळ आडवी वाचतो आणि ‘ग्रँड टोटल’च्या ओळीतला शेवटचा आकडा उचलता येतो.

तरीही खरा दगा देतं ते रुपयाचं चिन्ह. ते पुष्कळदा 2 किंवा 7 असं वाचलं जातं. माझं ७६७ रुपयांचं बिल पहिल्यांदा 2767.00 म्हणून आलं. नुसतं पाहून ते चुकलंय हे कळणार नाही. पण जीएसटीचं बिल स्वतःच पडताळा देतं: मूळ रक्कम ६५०, सीजीएसटी ५८.५०, एसजीएसटी ५८.५०. बेरीज ७६७. बेरीज जुळली तरच नाव द्यायचं, एवढी एक अट घातली की ही चूक निसटत नाही. फक्त दुकानदाराने पूर्णांक केलेली रक्कम धरून एका रुपयापर्यंतचा फरक चालवून घ्यायचा.

तारखेचा घोटाळा वेगळा. 04/03/2024 म्हणजे आपल्याकडे ४ मार्च, पण अनेक प्रोग्राम अमेरिकी रीतीने महिना आधी धरून ३ एप्रिल करतात. इथे नुसता महिना बदलत नाही. बिल एका आर्थिक वर्षातून दुसऱ्यात जातं, आणि हिशेबाच्या वेळी ते चुकीच्या गठ्ठ्यात शोधत बसावं लागतं. दिवस १२च्या पुढचा असला की असा गोंधळ होत नाही, त्यामुळे चार-पाच बिलांवर करून पाहिलेली चाचणी फसवी ठरू शकते. दिवस आधी, हे प्रोग्रामला स्पष्ट सांगावंच लागतं.

नावं बदलण्याआधी जुनं आणि नवं नाव शेजारी छापून यादी नजरेखालून घालावी. एकाच दिवशी एकाच रकमेची दोन बिलं निघतात, रिक्षाच्या पावत्यांत तर हमखास. तेव्हा दुसऱ्याला _2 जोडायचं, नाहीतर पहिली फाइल पुसली जाते. आणि पेट्रोल पंपाची थर्मल पावती फिकी पडून तारीख वाचलीच गेली नाही, तर अंदाजाने काही लिहू नये. अशा फाइली मी tapasa नावाच्या फोल्डरमध्ये टाकते आणि रविवारी मूळ कागद उजेडात धरून नाव हाताने देते.