सेकंदाला किती वेळा पाहावं? मोटर सांभाळणाऱ्या चिपचा हिशेब

डब्या उचलून पुढे ठेवणाऱ्या एका छोट्या यंत्राचा हात घेऊ. हाताला डीसी मोटर आहे, मोटरच्या शाफ्टवर तिचं फिरणं मोजणारा एन्कोडर आहे आणि दोघांमध्ये एक मायक्रोकंट्रोलर आहे. ही चिप ठरावीक अंतराने एन्कोडर वाचते, हात हव्या त्या जागेपासून किती दूर आहे ते काढते आणि मोटरला किती जोर लावायचा ते ठरवते. पुढचं वाचन होईपर्यंत तोच जोर कायम राहतो. मधल्या काळात हात कुठेही गेला तरी चिपला पत्ता नसतो.

असं वाचन सेकंदाला किती वेळा व्हावं, हा सॅम्पलिंग रेटचा प्रश्न. ‘चिपला झेपेल तितक्या वेळा’ हे उत्तर पटकन सुचतं, पण त्याने हात बिघडतो. योग्य आकडा हाताच्या चपळाईवरून काढावा लागतो.

या चपळाईचं माप म्हणजे बंद लूपची बँडविड्थ. हाताला पुढे-मागे हलण्याची आज्ञा आधी हळू आणि मग अधिकाधिक जलद देत गेलो, तर एका वेगानंतर तो मागे पडू लागतो. त्याची हालचाल आज्ञेच्या साधारण ७० टक्क्यांवर येते, ती वारंवारता म्हणजे बँडविड्थ. आपल्या हाताची बँडविड्थ २० हर्ट्झ हवी आहे असं धरू. म्हणजे नव्या जागेची आज्ञा मिळाली की तो सुमारे १७ मिलिसेकंदांत जवळजवळ तिथे पोचेल.

दुप्पट का पुरत नाही

नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो, की लहर ओळखायची तर तिच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घ्यावेत. त्या हिशेबाने इथे सेकंदाला ४० वाचनांहून थोडी अधिक पुरायला हवीत. पण तो नियम नोंदलेली लहर नंतर पुन्हा उभी करण्यापुरता आहे. आपल्याला तिच्यावर त्याच क्षणी कृती करायची आहे. ४० वाचनं म्हणजे दर २५ मिलिसेकंदांनी एक. तेवढ्यात हाताची अख्खी हालचाल होऊन जाते.

खरी किंमत मोजावी लागते ती उशिराची. जोर पुढच्या वाचनापर्यंत धरून ठेवल्यामुळे सरासरी अर्ध्या अंतराचा उशीर होतो. अनेक यंत्रांत एका ठोक्याला वाचलेल्या आकड्यावरचं उत्तर पुढच्या ठोक्याला मोटरकडे जातं. तो आणखी एका पूर्ण अंतराचा उशीर. एकूण दीड अंतर.

सेकंदाला २०० वाचनं, म्हणजे बँडविड्थच्या दहापट घेतली, तर दोन वाचनांत ५ मिलिसेकंदांचं अंतर राहतं आणि उशीर ७.५ मिलिसेकंदांचा होतो. २० हर्ट्झच्या लहरीचा एक फेरा ५० मिलिसेकंदांचा. पूर्ण फेरा ३६० अंशांचा धरला, तर हा उशीर ५४ अंशांचा झाला. नीट आखलेल्या लूपमध्ये अस्थिर होण्याआधी साधारण ६० अंशांची शिल्लक ठेवलेली असते. ती जवळजवळ सगळी इथेच संपते. मग हात ठरलेल्या जागेच्या पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो आणि स्थिरावायला वेळ घेतो. ५०० वाचनांना, म्हणजे पंचवीसपटीला, तोच उशीर ३ मिलिसेकंदांचा आणि सुमारे २२ अंशांचा होतो. हा तोटा आखणीतच धरून सांभाळता येतो. बँडविड्थच्या वीसपट किंवा अधिक हा अभियंत्यांचा प्रचलित नियम अशा हिशेबातून येतो.

मग दहा हजार का नको?

१०,००० वाचनांना उशिराचा तोटा जेमतेम एक अंशाचा राहतो. मात्र आता दुसरी अडचण पुढे येते. हात डळमळू नये म्हणून कंट्रोलरला जागेबरोबर वेगही लागतो. तो वेगळा मोजलेला नसतो. दोन वाचनांतला फरक काढून त्याला मधल्या वेळेने भागतात. आपला एन्कोडर एका फेऱ्यात ४,००० खुणा मोजतो. ५०० च्या दराने एका खुणेचा फरक म्हणजे मिनिटाला ७.५ फेरे. १०,००० च्या दराने तीच एक खूण मिनिटाला १५० फेरे दाखवते.

मोटर मिनिटाला शांतपणे ३० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २,००० खुणा सरकतात, म्हणजे पाच वाचनांत एक. चिपला चार वेळा वेग शून्य दिसतो आणि पाचव्यांदा १५०. ती त्यावर विश्वास ठेवून दर वेळी मोटरला झटका देते. मोटर बारीक आवाजात गुणगुणते आणि विनाकारण तापते. हात जागेवर थांबलेला असताना हा आवाज आला, तर वेगाच्या आकड्यांचा आलेख काढून पाहावा. त्यात एकाच उंचीचे सुटे सुळके दिसले, की कारण सापडलं.

यावर उपाय म्हणून शेवटच्या २० वाचनांवरून वेग काढता येतो. पण २० वाचनं म्हणजे २ मिलिसेकंद. वेगाचा बारकावा पुन्हा ७.५ फेऱ्यांवर येतो आणि वेगाच्या मापात ५०० च्या दराइतकाच उशीरही येतो. वेगाची अचूकता मापाच्या कालावधीतून मिळते. वाचनं वाढवून ती मिळत नाही.

एन्कोडरऐवजी पोटेंशिओमीटरसारखा व्होल्टेज देणारा सेन्सर असेल, तर गोंगाट आणखी एका वाटेने येतो. ५१० हर्ट्झचा विजेचा खरखराट ५०० च्या दराने वाचला, तर चिपला तो १० हर्ट्झची संथ लहर वाटतो. ही लहर हाताच्या आवाक्यातली असल्याने हात तिच्यामागे डुलू लागतो. ओळखायची खूण सोपी आहे. दर ५०५ करून पाहावा. डुलणं ५ हर्ट्झवर आलं, तर दोष यंत्राच्या भागांत नाही, वाचनात आहे. वाचनाआधी फिल्टर लावावा लागतो. त्याचाही थोडा उशीर असतो, आणि तो उशिराच्या हिशेबात धरायलाच हवा.

चिपची दमछाक

एका वाचनामागचं गणित स्वस्त चिपला ६० मायक्रोसेकंदांचं असेल, तर ५०० च्या दराने तिचा ३ टक्के वेळ जातो आणि १०,००० च्या दराने ६० टक्के. मधेच दुसऱ्या यंत्राचा संदेश आला की काही वाचनं उशिरा होतात. गणित मात्र अंतर सारखंच धरून चाललेलं असतं. तपासायला गणित सुरू होताना चिपची एक मोकळी पिन चालू आणि संपताना बंद करावी, आणि ऑसिलोस्कोपवर पाहावं. ठोके मागेपुढे सरकताना दिसले, तर चिपवर भार जास्त आहे.

१६ बिटांच्या पूर्णांकी गणितात आणखी एक दोष लपतो. उरलेली चूक कायमची मिटवण्यासाठी कंट्रोलर दर वाचनाला चुकीचा छोटा अंश साठवत जातो. वाचनं जितकी दाट, तितका हा अंश लहान. तो आकड्याच्या शेवटच्या बिटाहूनही लहान झाला, की शून्य म्हणून गळतो. मग हात जागेच्या थोडा अलीकडेच थांबून राहतो. बेरीज ३२ बिटांत ठेवली की हा दोष जातो.

म्हणून आपल्या हाताला ५०० ते १,००० वाचनं योग्य. १,००० घेतली तरी वेगाचं माप २ मिलिसेकंदांवरच काढावं. उद्या बँडविड्थ ६० हर्ट्झ हवी झाली, तर पंचवीसपटीने दर १,५०० होतो आणि एका खुणेचा वेग मिनिटाला २२.५ फेऱ्यांवर जातो. तेव्हा पूर्वीइतकाच शांत हात हवा असेल, तर नुसती जलद चिप घेऊन भागणार नाही. फेऱ्यात १२,००० खुणा देणारा एन्कोडरही घ्यावा लागेल.