स्टेटमेंटमधला नफा आणि रिटर्नमधला नफा

फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये सौदे करणाऱ्या नोकरदाराला बाजाराची धास्ती वर्षभर असते आणि रिटर्नची मुदत जवळ आली की. ब्रोकरने पाठवलेली एक्सेल फाइल उघडली की पहिल्याच पानावर विक्रीचा आकडा लाखांत, कधी कोटींत दिसतो. आपण घातलेले भांडवल जेमतेम लाखभर, मग ही उलाढाल कुठून आली? आता ऑडिट करावे लागणार का? या भीतीपोटी काही जण हे सौदे रिटर्नमध्ये दाखवतच नाहीत. तोटाच झालाय, दाखवून काय उपयोग, असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे आणि तो त्यांना महागात पडतो.

मुळात दोन वेगळे प्रश्न आहेत. कर कशावर लागतो? निव्वळ नफ्यावर. उलाढाल कशासाठी काढायची? हिशेबाची पुस्तके ठेवावी लागतील का आणि ऑडिट लागू होते का, हे ठरवण्यासाठी. उलाढालीवर थेट कर नाही. स्टेटमेंट मात्र एकच असते आणि दोन्ही उत्तरे त्याच्यातूनच वेगवेगळ्या रीतीने काढायची असतात.

१९६१च्या आयकर कायद्याच्या कलम ४३(५) नुसार मान्यताप्राप्त शेअर बाजारावर केलेले फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे सट्टा मानले जात नाहीत. ते साध्या व्यवसायाचे उत्पन्न ठरतात. त्याच दिवशी शेअर घेऊन विकण्याचे, म्हणजे इंट्राडेचे सौदे मात्र सट्टाच. म्हणून स्टेटमेंटमध्ये हे दोन गट आधी वेगळे करा. इंट्राडेचा तोटा ऑप्शन्सच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका कारखान्यात नोकरी करणारा एक काल्पनिक अभियंता. त्याने २०२५ च्या जानेवारी ते मार्चदरम्यान निफ्टीत सहा सौदे केले. त्या वेळी निफ्टीचा लॉट ७५ चा होता. पहिला सौदा फ्युचर्सचा: एक लॉट २३,४०० ला घेतला, २३,५०४ ला विकला. १०४ अंकांच्या फरकाने नफा ७,८०० रुपये. दुसरा सौदा कॉलचा: दोन लॉट ८० रुपये प्रीमियमने घेतले आणि १५० ला विकले, नफा १०,५०० रुपये. पंधरवड्याने हाच कॉल, त्याच स्ट्राइकचा आणि त्याच एक्स्पायरीचा, त्याने पुन्हा दोन लॉट घेतला. या वेळी भाव १४० होता आणि विकावा लागला ६२ ला. तोटा ११,७०० रुपये. चौथ्या सौद्यात त्याने एक लॉट पुट ९० ला विकला. तो पुट एक्स्पायरीला शून्य झाला आणि ६,७५० रुपयांचे पूर्ण प्रीमियम त्याच्याकडे राहिले. पाचव्यात ४८ ला घेतलेले दोन लॉट कॉल शून्य झाले, ७,२०० रुपये गेले. सहाव्यात एक लॉट कॉल ११० ला विकून १८६ ला परत घ्यावा लागला, ५,७०० रुपये गेले.

नफ्याच्या सौद्यांची बेरीज २५,०५० रुपये, तोट्याच्या सौद्यांची २४,६००. ब्रोकरच्या स्टेटमेंटमध्ये ‘रिअलाइज्ड प्रॉफिट’च्या रकान्यात ४५० रुपये नफा दिसेल. माणूस तो आकडा उचलतो आणि रिटर्नमध्ये टाकतो. पण बहुतेक ब्रोकरांच्या स्टेटमेंटमध्ये हा रकाना फक्त खरेदी-विक्रीतला फरक दाखवतो. खर्च वेगळ्या तक्त्यात, बहुधा खाली किंवा दुसऱ्या पानावर असतात. आपल्या अभियंत्याचे खर्च असे: एका ऑर्डरला २० रुपये याप्रमाणे दहा ऑर्डरींची दलाली २०० रुपये. सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स साधारण ४०० रुपये, कारण १ ऑक्टोबर २०२४ पासून फ्युचर्सच्या विक्रीमूल्यावर ०.०२ टक्के आणि ऑप्शन्स विकताना प्रीमियमवर ०.१ टक्का असा दर त्या वेळी होता. उरलेले जवळपास १९० रुपये एक्स्चेंजचे शुल्क, जीएसटी, मुद्रांक शुल्क आणि सेबीच्या शुल्कात गेले. एकूण ७९० रुपयांच्या आसपास. म्हणजे ४५० चा नफा प्रत्यक्षात ३४० रुपयांचा तोटा आहे.

इथे शेअर गुंतवणूकदारांच्या सवयीचा गोंधळ होतो. शेअर विकून भांडवली नफा मोजताना सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स वजा करता येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते. तेच ते इथेही करतात. पण व्यवसायाच्या उत्पन्नात हा कर कलम ३६(१)(xv) नुसार खर्च म्हणून वजा होतो. सौदे मोठे असतील तर हा एकच आकडा हजारोंचा फरक करतो. याशिवाय उशिरा भरलेल्या पैशांवर ब्रोकरने घेतलेले व्याज नफा-तोट्याच्या पत्रकात दिसतच नाही. ते लेजरमध्ये असते आणि तेही या व्यवसायाचाच खर्च आहे.

आता उलाढाल. त्या फ्युचर्सच्या एका लॉटची विक्रीची किंमत १७ लाख ६२ हजार ८०० रुपये होती. स्टेटमेंटमध्ये ‘सेल व्हॅल्यू’ म्हणून हाच आकडा दिसतो आणि घबराट होते. पण ती रक्कम कधी हातात आलीच नव्हती, आला तो फक्त फरक. म्हणून चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेने, म्हणजे आयसीएआयने, टॅक्स ऑडिटच्या मार्गदर्शिकेत असे सांगितले आहे की फायद्याच्या आणि तोट्याच्या फरकांची, उणे चिन्ह न धरता, एकत्र बेरीज म्हणजे उलाढाल. आपल्या अभियंत्यासाठी २५,०५० अधिक २४,६००, म्हणजे ४९,६५० रुपये. साडेसतरा लाख नव्हे.

ऑप्शन विकताना मिळालेल्या प्रीमियमबद्दल मार्गदर्शिकेत आधी वेगळा नियम होता. फरकांच्या बेरजेत विक्रीचे प्रीमियमही मिळवायचे, असे त्यात होते. २०२२ च्या आवृत्तीत स्पष्ट केले की प्रीमियम जर नफा-तोटा काढताना आधीच धरले असेल, तर ते पुन्हा वेगळे मिळवू नये. ब्रोकरांच्या पत्रकात ते धरलेले असतेच. आपल्या उदाहरणात चारही विक्रींचे प्रीमियम ४६,८०० रुपये होते. ते मिळवले असते तर उलाढाल जवळजवळ दुप्पट झाली असती. एखाद्या जुन्या लेखात किंवा व्हिडिओत अजून जुनी रीत सांगितली असेल तर तिच्यामागे जाऊ नका.

खरी गुंतागुंत आहे ती एकाच काँट्रॅक्टमध्ये पुन्हापुन्हा केलेल्या सौद्यांची. दुसऱ्या आणि तिसऱ्या सौद्यात काँट्रॅक्ट एकच होते. काही ब्रोकरांचे पत्रक काँट्रॅक्टनिहाय एक ओळ देते. तिथे १०,५०० नफा आणि ११,७०० तोटा एकमेकांत वजा होऊन फक्त १,२०० रुपये तोटा उरतो. त्यावरून काढलेली उलाढाल २८,६५० होते. निव्वळ तोटा दोन्हीकडे तोच, उलाढाल मात्र ४९,६५० ची २८,६५० झाली. माझे स्पष्ट मत आहे की सौदानिहाय मोजणी करावी, कारण फरक प्रत्येक सौदा बंद होताना निर्माण होतो, महिन्याच्या शेवटी नव्हे. ब्रोकरकडून सौदानिहाय पत्रक मागवा, बहुतेकांकडे ते मिळते. जुळवणी करताना आधी घेतलेले आधी विकले, असे धरा. आणि जी पद्धत धराल ती दरवर्षी तीच ठेवा.

लेजरवरून उलाढाल काढायचा मोह टाळा. फ्युचर्सचा हिशेब रोज संध्याकाळी होतो. समजा, अभियंत्याने पहिला सौदा तीन दिवस उघडा ठेवला आणि लेजरमध्ये अनुक्रमे ३,००० जमा, ४,२०० नावे, ९,००० जमा अशा नोंदी पडल्या. या तिन्ही आकड्यांची चिन्ह न पाहता बेरीज केली तर १६,२०० होते, पण सौदा एकच आहे आणि त्याचा फरक ७,८०० आहे. ३१ मार्चला उघडा असलेला सौदा, तो बंद होईल त्या वर्षाच्या उलाढालीत धरायचा.

लेजरचा खरा उपयोग तपासणीसाठी आहे. आरंभीची शिल्लक, त्यात वर्षभर भरलेले पैसे मिळवा, काढलेले वजा करा, मग निव्वळ नफा-तोटा मांडा. वर्षाच्या शेवटी एकही सौदा उघडा नसेल तर हे अखेरच्या शिलकीशी जुळायला हवे. अभियंत्याने ५०,००० रुपयांनी सुरुवात केली, ६०,००० भरले, ४०,००० काढले आणि ३४० गमावले, तर शिल्लक ६९,६६० रुपये. फरक आला तर बहुधा डीमॅटचे वार्षिक शुल्क, एखादे व्याज किंवा शेअर खरेदीचा सौदा त्यात मिसळलेला असतो. हा फरक सापडेपर्यंत आकडे रिटर्नमध्ये घालू नका.

ऑडिटचे काय? रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर मर्यादा १० कोटींची उलाढाल आहे, आणि फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये रोख येतेच कुठे? ‘तोटा झाला म्हणजे ऑडिट हवेच’ असे सर्रास सांगितले जाते. ते प्रत्येकाला लागू नाही. आधीच्या वर्षांत कलम ४४एडीखाली अंदाजित उत्पन्न दाखवून आता त्यातून बाहेर पडत असाल आणि तुमचे एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर मात्र ऑडिटचा प्रश्न येतो. तुम्ही त्यात असाल तर सीएकडे जा, स्वतः ठरवू नका.

रिटर्न भरताना पगारदाराची नेहमीची आयटीआर-१ किंवा २ चालत नाही, आयटीआर-३ लागते. त्या फॉर्ममध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सची उलाढाल आणि उत्पन्न यांसाठी वेगळे रकाने आहेत. तोटा त्याच वर्षी व्याज, भाडे, भांडवली नफा यांतून वजा होऊ शकतो, पगारातून होत नाही. उरलेला तोटा पुढची आठ वर्षे व्यवसायाच्या नफ्यातून वजा करता येतो. ३४० रुपयांसाठी कोण कष्ट घेणार, असे वाटेल. पण सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, आणि दरडोई सरासरी तोटा सुमारे दोन लाखांचा होता. ज्यांचे आकडे असे आहेत त्यांच्यासाठी हे आठ वर्षांचे हक्क खरे पैसे आहेत. ते मिळतात फक्त मुदतीत भरलेल्या रिटर्नवर. मुदतीनंतर भरलेल्या रिटर्नमध्ये तोटा लिहिला तरी तो पुढे नेता येत नाही, म्हणून ब्रोकरचे पत्रक एप्रिलमध्येच मागवून ठेवा.