कीर्तनाआधीची एक टाळी

गावच्या देवळातलं कीर्तन मोबाइलवर घेतलं की चित्र झकास येतं आणि आवाजाचा पार विचका होतो. मोबाइल सभामंडपाच्या मागच्या टोकाला असतो, त्यामुळे बुवांच्या शब्दांआधी पोरांची कुजबुज, पंख्याची घरघर आणि घुमणारे टाळच त्यात जास्त शिरतात. त्यावरचा उपाय जुनाच आहे. चित्र मोबाइलवर घ्यायचं आणि आवाज बुवांच्या उपरण्याला लावलेल्या छोट्या माइकमधून वेगळ्या रेकॉर्डरवर. मग घरी दोन्ही जुळवायचं. या जुळवणीसाठी कीर्तन सुरू होण्याआधी, दोन्ही यंत्रं चालू झाल्यावर, बुवांना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायला सांगायची.

केडेनलाइव्ह हा फुकट मिळणारा एडिटर या कामाला पुरतो. मोबाइलचा व्हिडिओ टाइमलाइनवर ओढला की त्याच्याखाली त्याचा आवाज नागमोडी पट्ट्यासारखा दिसतो. हाच वेव्हफॉर्म. रेकॉर्डरची फाइल त्याखालच्या ट्रॅकवर ठेवायची. टाळी ओळखायला कष्ट पडत नाहीत. बोलण्याची लहर हळूहळू फुगते आणि ओसरते, टाळीची मात्र सपाट रेषेतून एकदम उभी उसळते आणि लगेच खाली बसते. टाइमलाइन मोठी करून दोन्ही उसळ्या एकाखाली एक आणल्या, की जुळवणी झाली असं वाटतं.

इथेच एक गोम आहे. वेव्हफॉर्म आवाजाला आवाज जुळवतो, चित्राला नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. मोबाइल बुवांपासून 12 मीटरवर असेल तर टाळी त्याच्यापर्यंत पोचायला 35 मिलिसेकंद लागतात. प्रकाशाला मात्र तेवढ्या अंतरासाठी वेळ लागतच नाही म्हणायला हरकत नाही. सेकंदाला 30 फ्रेम असतील तर एक फ्रेम 33 मिलिसेकंदांची, म्हणजे मोबाइलचा स्वतःचा आवाजच चित्राच्या एक फ्रेम मागे असतो. त्याला रेकॉर्डर जुळवला की तोही तेवढाच मागे पडतो. म्हणून लांबच्या कॅमेऱ्यासाठी माझी पद्धत उलटी आहे. चित्र एकेक फ्रेम पुढे सरकवायचं. आधी हात धूसर दिसतात, मग एका फ्रेममध्ये तळवे एकमेकांना टेकलेले दिसतात. त्या फ्रेमवर रेकॉर्डरची उसळी आणून ठेवायची. कॅमेरा तीन-चार मीटरवर असेल तर या खटाटोपाची गरज नाही, वेव्हफॉर्म पुरतो.

केडेनलाइव्हमध्ये आपोआप जुळवण्याचीही सोय आहे. मोबाइलच्या आवाजावर उजवी क्लिक करून `Set Audio Reference` निवडायचं, मग रेकॉर्डरच्या फाइलवर `Align Audio to Reference`. भाषणासाठी हे उत्तम चालतं. कीर्तनात मात्र टाळ एकाच लयीत वाजत असतात, त्यांच्या उसळ्या सारख्याच दिसतात, आणि जुळवणी एखादा ठोका मागेपुढे होण्याचा धोका राहतो. डोळ्यांनी जुळवतानाही हीच फसगत होते. सुरुवातीच्या शांततेतली एकटी टाळी त्यातूनच वाचवते.

तपासायचं कानांनी. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवा. शब्द दोनदा ऐकू आला तर बरंच चुकलंय. आवाज पिंपातून आल्यासारखा पोकळ वाटला तर फरक अगदी थोडा आहे, आणि कॅमेरा लांब असेल तर तेवढा राहणारच. मग मोबाइलचा ट्रॅक बंद करून बुवांच्या ओठांकडे बघा. ‘प’, ‘ब’, ‘म’ म्हणताना ओठ मिटतात, तिथे चूक लगेच पकडता येते. एखादी फ्रेम इकडेतिकडे झालीच तर आवाज मागे राहिलेला बरा. लांबचा आवाज उशिरा येण्याची आपल्याला सवय असते, ओठ हलण्याआधी आलेला शब्द मात्र खटकतो.

सुरुवात नेमकी जुळली तरी तासाभराने आवाज सरकू शकतो, कारण दोन यंत्रांची अंतर्गत घड्याळं तंतोतंत एका गतीने चालत नाहीत. समजा, कीर्तन संपल्यावर वाजवलेली दुसरी टाळी चित्रापेक्षा तीन फ्रेम उशिरा ऐकू आली. तर रेकॉर्डरची फाइल अंतरा-अंतरावर, बुवा श्वास घेतात अशा तीन जागी कापायची. पहिला तुकडा आहे तिथेच ठेवायचा, दुसरा एक फ्रेम डावीकडे, तिसरा दोन, चौथा तीन. सांध्यावरची जादा फ्रेम शांततेतच छाटली जाते, त्यामुळे कानाला कळत नाही. फरक याहून फार मोठा निघाला तर आधी मोबाइलच्या व्हिडिओवर संशय घ्या. बरेच मोबाइल फ्रेमचा वेग एकसारखा ठेवत नाहीत. अशी फाइल स्थिर वेगात रूपांतरित करून घेतल्याशिवाय कापाकापीला हात लावू नका.

दुसरी टाळी घेतली नसेल तर शेवटी नेमकं किती सरकलंय हे ओठ बघत अंदाजानेच ठरवावं लागतं. तेव्हा आरती संपली की लगेच यंत्रं बंद करू नका, बुवांना आणखी एक टाळी वाजवायला सांगा.