शनिवारचा रीस्टार्ट : संगणक शिक्षकाचं पालकांना पत्र



शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला संगणक कक्ष मुलांसाठी बंद असतो. त्या वेळात आम्ही सगळे संगणक अपडेट करतो आणि रीस्टार्ट करतो. मागच्या पालकसभेत यावरून एक प्रश्न आला : "मुलं रोज संगणक बंद करूनच निघतात. मग हा वेगळा रीस्टार्ट कशासाठी? मुलांचा तास का बुडवायचा?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर सभेत दोन मिनिटांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

आधी 'रोज बंद करतो' याबद्दल. विंडोजवर चालणाऱ्या बहुतेक संगणकांत 'शट डाउन' केल्यावर संगणक पूर्णपणे बंद होत नाही. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून त्यात फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. बंद करताना संगणक आपल्या मूळ यंत्रणेची चालू स्थिती डिस्कवर लिहून ठेवतो आणि सकाळी तीच परत उचलतो. त्यामुळे तो लवकर सुरू होतो, पण आतली मूळ यंत्रणा कालचीच, परवाची किंवा गेल्या आठवड्याची असते. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र ती जुनी स्थिती टाकून देऊन सगळं पहिल्यापासून उभं केलं जातं.

हे तुम्हाला घरीही तपासता येईल. Ctrl, Shift आणि Esc ही तीन बटणं एकदम दाबा. जी खिडकी उघडेल तिच्यात Performance आणि मग CPU निवडा. खाली Up time असं लिहिलेलं दिसेल आणि त्याच्याजवळ चार आकडे असतील : दिवस, तास, मिनिटं, सेकंद. रोज रात्री बंद होणाऱ्या संगणकावर तिथे 11:04:22:10 असं दिसलं, तर त्याचा अर्थ अकरा दिवस त्या संगणकाची खरी नवी सुरुवात झालेली नाही. हा प्रयोग आम्ही नववीच्या मुलांकडून करून घेतो. आकडा पाहिला की पुढचं फार समजावून सांगावं लागत नाही.

आता याचा अपडेटशी संबंध काय, ते सांगतो. अपडेट म्हणजे बहुतेक वेळा विंडोजच्या काही जुन्या फायलींच्या जागी दुरुस्त केलेल्या फायली बसवणं. संगणक चालू असताना यांतल्या कितीतरी फायली वापरात असतात, आणि वापरात असलेली फाइल विंडोज बदलू देत नाही. घरात माणसं वावरत असताना त्यांच्या पायाखालची फरशी बदलता येत नाही, तसंच हे. म्हणून नव्या फायली डाउनलोड होतात, एका बाजूला तयार ठेवल्या जातात आणि 'पुढच्या रीस्टार्टला या बदलायच्या' अशी नोंद होते. पडद्यावर Restart required असं येतं ते याचसाठी. त्या क्षणी दुरुस्ती संगणकात आलेली असते, पण लागू झालेली नसते. चालते आहे ती जुनी, दोष असलेली फाइलच. फास्ट स्टार्टअप असेल तर नुसत्या 'शट डाउन'नंतर हे काम अनेकदा तसंच राहून जातं.

आलेली पण न बसवलेली दुरुस्ती किती महागात पडते, हे २०१७ मध्ये साऱ्या जगाने पाहिलं. विंडोजमध्ये एका संगणकावरच्या फायली दुसऱ्यावरून उघडण्याची सोय असते. आमच्या कक्षातही मुलं गृहपाठ शिक्षकांच्या संगणकावरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवतात, ते याच सोयीने. या सोयीच्या जुन्या आवृत्तीत एक गंभीर दोष सापडला. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती १४ मार्च २०१७ ला दिली. त्यानंतर महिन्याने, एप्रिलमध्ये, त्या दोषाचा फायदा घेणारं तयार हत्यारच इंटरनेटवर उघड झालं. आणि १२ मे रोजी 'वॉनाक्राय' पसरला.

दुरुस्ती आणि हल्ला यांत तब्बल ५९ दिवस होते. तरीही दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्यात सापडले. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. पडद्यावर लाल खिडकी यायची, सगळ्या फायलींना कुलूप लागलेलं असायचं आणि ३०० डॉलरच्या किमतीचे बिटकॉइन मागितलेले असायचे. तीन दिवसांत दिले नाहीत तर रक्कम दुप्पट. बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७ चे होते, म्हणजे ज्यांच्यासाठी दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती असे.

यातली एक गोष्ट पालकांनी नीट लक्षात घ्यावी. 'माझं मूल कुठल्याही भलत्या लिंकवर क्लिक करत नाही' एवढ्याने इथे भागलं नसतं. वॉनाक्रायला कोणी क्लिक करण्याची गरज नव्हती. एक संगणक बाधित झाला की तो त्याच नेटवर्कवरचे दुसरे संगणक स्वतःच शोधायचा, दुरुस्ती न झालेला सापडला की आत शिरायचा आणि तिथून पुढचा शोधायचा. संगणक कक्षात वीस संगणक एकाच नेटवर्कवर असतात. अशा हल्ल्याला यापेक्षा सोयीची जागा नाही.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, २७ जून २०१७ ला, 'नॉटपेट्या' आला. त्याची झळ आपल्या न्हावा-शेव्यातल्या जेएनपीटी बंदरापर्यंत पोहोचली आणि तिथल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. त्यानेही पसरण्यासाठी तोच दोष वापरला, पण जोडीला आणखी एक युक्ती केली. बाधित संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड चोरायचे आणि त्यांच्या आधारे अपडेट केलेल्या संगणकांतही शिरायचं. म्हणूनच वीसपैकी अठरा संगणक अपडेट झाले, आता पुरे, असं आम्ही म्हणत नाही. मागे राहिलेले दोन संगणक उरलेल्या अठरांनाही धोक्यात घालू शकतात.

दुरुस्ती जाहीर झाल्यानंतरचा काळ उलट जास्त जोखमीचा असतो, हेही सांगायला हवं. जुनी फाइल आणि दुरुस्त केलेली फाइल शेजारी ठेवून तुलना केली, की दोष नेमका कुठे होता हे जाणकाराला कळतं. म्हणजे दुरुस्तीच हल्लेखोराला दोषाचा पत्ता देते. त्या दिवसापासून जो संगणक मागे राहतो, त्याचा दोष आता कोणापासून लपलेला नसतो.

'पण मग दर आठवड्याला कशाला?' असंही एका पालकांनी विचारलं होतं. मायक्रोसॉफ्टची मुख्य सुरक्षा दुरुस्ती महिन्यातून एकदा, दुसऱ्या मंगळवारी येते. आपल्याकडे तोवर मंगळवारची रात्र झालेली असते. पण मुलं सर्वांत जास्त वापरतात तो क्रोम ब्राउझर, आणि त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या २०२३ पासून साधारण दर आठवड्याला येतात. शिवाय महिन्याच्या ठरलेल्या दिवशी एखादा संगणक बंद असतो, एखाद्याच्या डिस्कवर जागा नसते, एखाद्याचं अपडेट अर्ध्यावर फसतं. आठवड्याची पाळी ठेवली की असा संगणक फार तर सात दिवस मागे राहतो. महिन्याची ठेवली तर तो पुढच्या महिन्यापर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

अपडेटनेही कधी कधी नुकसान होतं, हे मी लपवणार नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट गेलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. विमानतळांवर रांगा लागल्या. त्या संगणकांवर कोणी हल्ला केला नव्हता. त्यामुळे आम्ही सगळे संगणक एकदम अपडेट करत नाही. दुसऱ्या मंगळवारनंतर बुधवारी आधी फक्त शिक्षकांचा संगणक अपडेट होतो. दोन दिवस त्यावर प्रिंटर, मराठी टायपिंग, स्क्रॅच आणि सामायिक फोल्डर नीट चालतात का, ते पाहतो. सगळं ठीक असेल तर शनिवारी बाकीच्यांची पाळी. त्या दिवशी एकाने उतरवून घेतलेले अपडेटचे तुकडे इतर संगणक आपल्याच नेटवर्कवरून घेऊ शकतात, तशी सोय विंडोजमध्ये आहे. त्यामुळे शाळेच्या इंटरनेटवर वीसपट ताण येत नाही.

वेळ लागतो तो फायली बसवायला. एसएसडी असलेला संगणक काही मिनिटांत मोकळा होतो. जुन्या हार्ड डिस्कवर अर्धा-पाऊण तास सहज जातो. मध्येच लाइट गेली किंवा कोणी कंटाळून बटण दाबलं, तर विंडोज बहुधा Undoing changes made to your computer असं दाखवून जुन्या स्थितीला परततो. पण काही वेळा तो सुरूच होत नाही. म्हणून हे काम मुलांच्या तासात करत नाही आणि यूपीएसची बॅटरी आधी तपासतो. शेवटी प्रत्येक संगणकावर Update history उघडून पाहतो. तिथे Failed to install दिसलं तर त्या संगणकावर चिठ्ठी लागते आणि तो दुरुस्त होईपर्यंत त्याची नेटवर्कची वायर काढून ठेवतो.

एका बाबतीत मात्र रीस्टार्ट करून भागणार नाही. विंडोज १० साठीच्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. विंडोज ११ चालू शकत नाही असे जुने संगणक शाळांत पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी मुदतवाढीच्या दुरुस्त्या घ्याव्या लागतात किंवा लिनक्स बसवावं लागतं. हा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत मी मांडणार आहे. आपण त्या बैठकीला जरूर यावं.

तोवर आपल्याकडून दोन गोष्टींची मदत हवी आहे. शुक्रवारच्या तासाला काम सेव्ह करूनच उठायचं, हे मुलांना सांगा. रीस्टार्टने सेव्ह केलेली फाइल जात नाही, न केलेलं काम मात्र जातं. आणि घरी संगणक असेल तर त्यावरचा Up time आज पाहा. आकडा सातच्या पुढे असेल, तर उघडी कामं सेव्ह करा आणि 'शट डाउन' न करता 'रीस्टार्ट' करा. Update and restart असा पर्याय दिसत असेल, तर तोच निवडा.

आपला,
संगणक शिक्षक