एका चौकटीने अडवलेली बेरीज

सोसायटीच्या मेंटेनन्सचा तक्ता घ्या. ४० फ्लॅट, प्रत्येकाचे २,५०० रुपये. तळाशी एक लाख दिसायला हवेत, तिथे `#N/A` उमटलंय. आपण बेरजेचं सूत्र पुसून पुन्हा लिहितो, तरी तेच. सूत्र बरोबरच असतं, गडबड वर अठराव्या ओळीत असते. `B-204` टाइप करताना शेवटी एक स्पेस पडली, आणि दुसऱ्या यादीतून रक्कम शोधून आणणाऱ्या `VLOOKUP`ला तो फ्लॅट सापडलाच नाही.

आता कुणीही विचारेल, रिकामी चौकट चालते, त्याच रकान्यात ‘बाकी’ असं लिहिलं तरी `SUM` ते सोडून पुढे जातं, मग इथेच का अडतं? कारण ‘बाकी’ हा मजकूर आहे, तो मोजायचा नसतो. `#N/A`चा अर्थ वेगळा: इथे आकडा यायला हवा होता, पण तो मिळाला नाही. ३९ फ्लॅटचे ९७,५०० आणि एक न कळलेली रक्कम मिळून किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून `SUM` तीच चूक खाली आणून दाखवतं. मला हे वागणं योग्य वाटतं. नाहीतर अपुरी बेरीज पूर्ण समजून आपण पुढे गेलो असतो.

तरीही हाती असलेल्या रकमांची बेरीज आजच हवी असते. एक्सेल २०१० पासून त्यासाठी हे आहे:

```
=AGGREGATE(9,6,C2:C41)
```

९ म्हणजे बेरीज, ६ म्हणजे चुकांच्या चौकटी वगळा. गुगल शीट्समध्ये हे फंक्शन नाही. तिथेही आणि एक्सेलमध्येही चालणारा जुना मार्ग असा:

```
=SUMIF(C2:C41,"<9E307")
```

९E३०७ म्हणजे नऊवर ३०७ शून्यं. आपल्या हिशेबातला कुठलाही आकडा त्याहून लहानच असणार, वजा रक्कमसुद्धा. चुकीची चौकट मात्र लहानही नसते आणि मोठीही नसते, त्यामुळे ती अटीत बसत नाही आणि आपोआप गळते.

दोन्ही सूत्रं ९७,५०० देतात, आणि इथेच फसायला होतं. आकडा इतका नीटनेटका दिसतो की काही राहिलंय अशी शंकाही येत नाही. म्हणून शेजारच्या चौकटीत गळालेल्या ओळी मोजून ठेवाव्यात:

```
=SUMPRODUCT(--ISERROR(C2:C41))
```

तिथे १ दिसला की ओळ शोधायची. एक्सेलमध्ये रकाना निवडून एफ ५ दाबा, ‘स्पेशल’मध्ये जाऊन ‘फॉर्म्युलाज’खाली फक्त ‘एरर्स’वर खूण ठेवा. अठरावी ओळ लगेच उजळते. तिच्या `VLOOKUP`मध्ये `A18`च्या जागी `TRIM(A18)` घातलं की शेवटची स्पेस जाते, २,५०० येतात, आणि साधं `SUM`ही १,००,००० दाखवतं.