एका पत्त्यावर दोघे

लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक चौकट उमटते: `Windows has detected an IP address conflict`. मॅकवर मजकूर थोडा वेगळा असतो, अर्थ मात्र तोच: तुमच्या संगणकाचा पत्ता या नेटवर्कवर आणखी कुणीतरी वापरत आहे. मग इंटरनेट मध्येच बंद पडतं, मध्येच चालू होतं. प्रिंटरला पाठवलेलं पान निघत नाही. आपण इंटरनेट कंपनीला फोन करतो. लाईन तपासली जाते, ती ठीक निघते. राऊटर बंद करून चालू केला की काही काळ सगळं सुरळीत चालतं आणि काही दिवसांनी तीच चौकट पुन्हा येते.

यात ना लॅपटॉप बिघडलेला असतो, ना प्रिंटर, ना लाईन. घरात पत्ते ठरवणारे दोघे झालेले असतात आणि त्यांना एकमेकांची खबर नसते.

घरातल्या वायफायला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता लागतो. बहुतेक घरांत तो `192.168.1` किंवा `192.168.0` ने सुरू होतो आणि शेवटचा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो. हे पत्ते वाटण्याचं काम राऊटर करतो. त्या पद्धतीचं नाव डीएचसीपी. नवा फोन वायफायला जोडला की तो पत्ता मागतो, राऊटर आपल्या साठ्यातला एक मोकळा पत्ता त्याला देतो आणि त्याची नोंद ठेवतो. हा पत्ता कायमचा नसतो, तो मुदतीवर दिलेला असतो. या मुदतीला लीज म्हणतात. राऊटरप्रमाणे ती दोन तासांचीही असते, चोवीस तासांचीही. अर्धी मुदत सरली की उपकरण आपणहून वाढवून मागतं. उपकरण चालू असेल तर मुदत अशी वाढत राहते आणि तोच पत्ता कित्येक आठवडे टिकतो. उपकरण निघून गेलं तर मुदत संपल्यावर पत्ता पुन्हा साठ्यात येतो.

पत्ता मिळवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे उपकरणाच्या सेटिंगमध्ये तो हाताने भरणं. यालाच स्टॅटिक किंवा फिक्स्ड आयपी म्हणतात. प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर अशा वस्तूंना तो सर्रास दिला जातो, कारण त्यांचा पत्ता बदलला की त्या इतरांना सापडत नाहीत. बसवायला आलेला माणूस पत्ता भरतो, सगळं चालतंय असं दाखवतो आणि जातो. त्याने भरलेल्या आकड्याची नोंद राऊटरकडे कुठेच होत नाही.

सोसायटीच्या पार्किंगसारखं हे आहे. वॉचमन वहीत पाहून पाहुण्यांच्या गाड्यांना जागा देतो. एका रहिवाशाने पाच नंबरची जागा आपली म्हणून धरली आहे, पण ते वहीत लिहिलेलं नाही. त्याची गाडी उभी असेपर्यंत वॉचमन तिथे दुसरी गाडी लावत नाही. गाडी बाहेर गेलेली असताना मात्र जागा रिकामी दिसते आणि तो ती पाहुण्याला देऊन टाकतो.

आता एक घर घेऊन हे आकड्यांनिशी पाहू. राऊटरचा स्वतःचा पत्ता `192.168.1.1`. वाटपाचा साठा `192.168.1.2` ते `192.168.1.254`. मुदत चोवीस तास. प्रिंटरमध्ये `192.168.1.5` हा पत्ता हाताने भरलेला आहे. हा राऊटर पत्ते खालून क्रमाने वाटतो. घरात दोन फोन आणि एक लॅपटॉप असल्याने 2, 3 आणि 4 हे आकडे वापरात आहेत. कित्येक महिने काहीच बिघडत नाही.

दिवाळीत पाहुणे येतात. शनिवारी सकाळी 9 वाजता भाचीचा लॅपटॉप वायफायला जोडला जातो. प्रिंटर तेव्हा बंद आहे. पत्ता देण्याआधी तो खरंच मोकळा आहे का, हे पाहण्याची सोय या पद्धतीत आहे. बरेच राऊटर आधी त्या पत्त्यावर हाक मारतात आणि लॅपटॉपही पत्ता घेण्यापूर्वी `192.168.1.5` कोण वापरतंय का, असं सगळ्यांना विचारतो. पण बंद प्रिंटर उत्तर देऊ शकत नाही. दोघेही आपापलं काम चोख करतात आणि तरीही पाच नंबर लॅपटॉपला जातो. रात्री 9 वाजता अर्धी मुदत सरते, लॅपटॉप वाढवून मागतो, राऊटर देतो. रविवारी संध्याकाळी कुणीतरी प्रिंटर चालू करतं. तो राऊटरला काही विचारत नाही, थेट पाच नंबर वापरायला लागतो. इथे चौकट उमटते.

पुढे जे घडतं त्यामुळे लोक सर्वाधिक चक्रावतात. राऊटर प्रत्येक आयपी पत्त्यापुढे एकाच उपकरणाचा मॅक पत्ता लक्षात ठेवतो. मॅक पत्ता म्हणजे उपकरणाच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक. पाच नंबर माझा, असं ज्याने शेवटी सांगितलं त्याचा क्रमांक तिथे बसतो. त्यामुळे लॅपटॉपने मागवलेलं वेबपान कधी लॅपटॉपकडे येतं, तर कधी प्रिंटरकडे जातं. प्रिंटरला त्यातलं काही कळत नाही, तो ते टाकून देतो. उलट, छापायचं पान लॅपटॉपकडे जाऊन हरवतं. म्हणून इंटरनेट पूर्ण जात नाही, येत-जात राहतं, आणि हा दोष लाईनचा वाटतो.

हे नक्की याच कारणाने होतंय का, हे ओळखण्यासाठी घरातला तिसरा संगणक वापरावा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून असं टाइप करावं:

```
ping 192.168.1.5
arp -a
```

पिंगला उत्तर आलं नाही तरी चालेल, कारण फायरवॉल ते अडवू शकते. दुसऱ्या कमांडच्या यादीत `192.168.1.5` समोर `Physical Address` दिसतो, तो लिहून घ्यावा. मग प्रिंटर बंद करावा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये `arp -d 192.168.1.5` देऊन जुनी नोंद पुसावी आणि पुन्हा त्याच दोन कमांड द्याव्यात. प्रिंटर बंद असूनही त्या पत्त्यासमोर कुणाचा तरी क्रमांक दिसला, तर दुसरा दावेदार सापडला. राऊटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिच्याशी हा क्रमांक ताडून पाहावा. ज्या विंडोज संगणकावर चौकट आली, त्याच्या `Event Viewer` मध्ये `System` या भागात `Tcpip` ची 4199 क्रमांकाची नोंद असेल, तर समोरच्या उपकरणाचा मॅक पत्ता तिथेच लिहिलेला मिळतो.

कोणाचा पत्ता मुदतीचा आणि कोणाचा हाताने भरलेला, हे `ipconfig /all` सांगतं. `DHCP Enabled` समोर `Yes` असेल तर पत्ता राऊटरने दिलेला आहे आणि खाली `Lease Obtained` व `Lease Expires` या ओळींत मुदत दिसते. `No` असेल तर तो कुणीतरी हाताने भरलेला आहे. प्रिंटरसाठी हीच माहिती त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये मिळते.

चौकट किती वेळा येते, यावरूनही कारण कळतं. वीज गेल्यावर एकदाच आली आणि दुसऱ्या दिवशी आपोआप मिटली, तर ती बहुधा मुदतीमुळे आलेली असते. अनेक लहान राऊटर वाटपाची नोंद बंद होताच विसरतात. यूपीएसवर चालू राहिलेल्या स्विचला जोडलेल्या संगणकाला राऊटर बंद पडल्याचं कळतही नाही. तो जुनाच पत्ता वापरत राहतो आणि इकडे कोरी वही घेऊन उठलेला राऊटर तोच पत्ता दुसऱ्याला देऊ शकतो. संगणकाने मुदत वाढवून मागितली किंवा मुदत संपली की हे आपोआप निस्तरतं. पण चौकट आठवड्या-पंधरा दिवसांनी परत येत असेल, विशेषतः एखादी वस्तू चालू केल्यावरच येत असेल, तर कुठेतरी हाताने भरलेला पत्ता आहे, असं धरून चालावं.

`ipconfig /release` आणि `ipconfig /renew` या कमांडनी, किंवा राऊटर बंद-चालू करून, तात्पुरता आराम पडतो. पण राऊटर तोच पत्ता पुन्हा देऊ शकतो. आज दुसरा दिला तरी पाच नंबर साठ्यात आहेच, उद्या तो आणखी कुणाला जाईल.

पक्के उपाय दोन. पहिला, साठा लहान करणं. राऊटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा पत्ता असतो. तिथे `192.168.1.100` ते `192.168.1.199` असं ठेवलं की शंभर उपकरणांची सोय होते आणि 2 ते 99 हे आकडे हाताने भरायला मोकळे राहतात. प्रिंटरला हात लावावा लागत नाही. मात्र पाच नंबर धरून बसलेल्या लॅपटॉपची मुदत अजून बाकी असू शकते, म्हणून बदल केल्यावर त्याचं वायफाय बंद करून पुन्हा जोडावं.

दुसरा उपाय अधिक चांगला. प्रिंटरमधला हाताने भरलेला पत्ता काढून सेटिंग ऑटोमॅटिक करावं आणि राऊटरमध्ये `Address Reservation` किंवा `Static Lease` अशा नावाच्या पानावर त्याचा मॅक पत्ता आणि हवा तो आयपी पत्ता नोंदवावा. आता प्रिंटर दरवेळी राऊटरला विचारतो, राऊटर दरवेळी तोच पत्ता देतो आणि प्रिंटर बंद असतानाही तो दुसऱ्याला देत नाही. फोनसाठी असं करताना एक काळजी घ्यावी: हल्लीचे फोन वायफायवर बनावट, यादृच्छिक मॅक पत्ता दाखवतात. घरच्या वायफायपुरती ही सोय बंद केली नाही, तर पत्ता बदलताच फोनला नेमून दिलेली नोंद निरुपयोगी ठरू शकते.

दुसऱ्या खोलीत रेंज पोचावी म्हणून जुना राऊटर जोडलेला असेल, तर दोन्ही राऊटर पत्ते वाटत नाहीत ना, हे आधी पाहावं. दोघांच्या वह्या वेगळ्या, पत्ते मात्र तेच. शिवाय दोघांचा स्वतःचा पत्ताही `192.168.1.1` असू शकतो. अशा वेळी जुन्या राऊटरला साठ्याबाहेरचा वेगळा पत्ता द्यावा आणि त्याचं डीएचसीपी बंद करावं.

काही इंटरनेट कंपन्यांनी दिलेल्या राऊटरमध्ये ही पानं ग्राहकाला उघडता येत नाहीत. तिथे कंपनीला फोन करताना इंटरनेट येत-जात आहे एवढंच सांगितलं, तर पुन्हा लाईनच तपासली जाईल. त्याऐवजी प्रिंटरचा मॅक पत्ता सांगावा आणि त्याच्यासाठी एक आयपी पत्ता राखून ठेवायला सांगावं. प्रिंटर किंवा कॅमेरा बसवायला येणाऱ्यालाही आकडा भरण्याआधी एवढंच विचारावं, की हा पत्ता राऊटरच्या साठ्यातला आहे की बाहेरचा.