चेंडू वर जातो, रेषा खाली उतरते

सेकंदाला 20 मीटर वेगाने सरळ वर फेकलेल्या चेंडूचे उंची-काल आणि वेग-काल आलेख काढा. गुरुत्व त्वरण 10 धरा. भौतिकशास्त्राच्या जुन्या प्रश्नपत्रिकांत या धर्तीचा प्रश्न नेहमी दिसतो. सूत्र पाठ असूनही गुण जातात ते आलेखात.

सुरुवात अक्षांपासून. आडव्या अक्षावर काळ, उभ्यावर उंची, आणि दोन्हींशेजारी एकके. नुसते ‘उंची’ लिहिले तर 20 म्हणजे मीटर की सेंटिमीटर, हे कळत नाही. मग प्रमाण. 1 सेंमी = 5 मीटर घेतले, तर आलेखकागदावरचा मिलिमीटरचा एक बारीक चौकोन अर्ध्या मीटरचा होतो आणि कोणताही बिंदू चटकन सापडतो. 1 सेंमी = 3 मीटर घेतले, तर 20 मीटर 6.67 सेंमीवर येतात आणि बिंदू अंदाजाने ठेवावा लागतो. केंब्रिजच्या ए लेव्हल प्रात्यक्षिक परीक्षेत अशा अडचणीच्या प्रमाणाला गुण मिळत नाही. बिंदूंनी दोन्ही दिशांना कागदाची निदान अर्धी जागा व्यापावी, अशीही अपेक्षा असते.

आता बिंदू. दर सेकंदाची उंची येते 0, 15, 20, 15, 0. इथे अनेक जण पट्टी घेऊन बिंदू जोडतात आणि फसतात. उंची-काल आलेखाचा चढ म्हणजे वेग. पट्टीने जोडल्यास पहिला सेकंदभर वेग 15 राहतो आणि पुढच्या क्षणी एकदम 5 होतो. चेंडू असा टप्प्याटप्प्याने मंदावत नाही, त्याचा वेग सलग घटतो. म्हणून बिंदूंतून सलग वक्र जायला हवा. माथ्यावर टोक काढले, तर वेगाने तिथे उडी मारली असा अर्थ होतो. 2 सेकंदांना वेग शून्य असतो, त्यामुळे माथ्यावर वक्राची स्पर्शिका आडवीच हवी.

वेग-काल आलेख मात्र सरळ रेषा आहे. ती 20 पासून निघून 2 सेकंदांना काळाचा अक्ष छेदते आणि 4 सेकंदांना उणे 20 वर पोचते. अक्षाला टेकून पुन्हा वर वळणारी रेषा ही हमखास चूक. ती दिशा सोडून फक्त चालीचा आलेख सांगते. खरी रेषा छेदबिंदूवर वाकत नाही, कारण माथ्यावरही त्वरण तेवढेच असते.

उत्तर तपासायला क्षेत्रफळ उपयोगी पडते. अक्षावरचा त्रिकोण 20 मीटरचा, खालचाही 20 चा. चिन्हांसह बेरीज शून्य, म्हणजे चेंडू हातात परतला; चिन्ह सोडून 40 मीटर, हे कापलेले अंतर. वरचा त्रिकोण पहिल्या आलेखाच्या माथ्याइतका नसेल, तर दोहोंपैकी एक आलेख नक्की चुकला आहे.